मुद्दलाला डीए

नाना एजी ऑफिसातून, म्हणजे महालेखापालांच्या कार्यालयातून, निवृत्त झाले. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत हे वाक्य पुरेसं असतं. माणूस हिशेबाला कडक आहे आणि कागद फेकत नाही, एवढं त्यातच कळतं. त्यांच्या कपाटात लाल पुठ्ठ्याच्या वह्यांची एक थप्पी आहे. त्यातल्या एका वहीवर '२ लाख, फेब्रु. २०१४' असं लिहिलेलं आहे. त्या वहीची दहा वर्षं मी जवळून पाहिली, कारण बँकेत त्यांच्याबरोबर मीच जायचे आणि पुढे कॉम्प्युटरवरचे आकडे काढून देण्याचं कामही माझ्याकडेच आलं.

सुरुवात खरं तर २०१३ च्या जूनमध्ये झाली. सरकारनं महागाईशी जोडलेले रोखे काढले, अशी बातमी नानांनी वाचली. दहा वर्षांची मुदत, लिलावात ठरलेला १.४४ टक्के दर आणि मुद्दल महागाईप्रमाणे वाढणार. नाना खुश झाले. "अगं, हा तर मुद्दलाला डीए!" म्हणाले. पेन्शनर माणसाला हे समजवावं लागत नाही. पेन्शनीवरची महागाई राहत, म्हणजे पेन्शनरचा डीए, वर्षातून दोनदा निर्देशांकाप्रमाणे वाढते, पण बँकेत ठेवलेल्या लाखाला कोणी राहत देत नाही. तो दहा वर्षांनीही लाखच असतो आणि तेवढ्या लाखात येणारं सामान मात्र कमी होत जातं. इथे लाखाचाच आकडा बदलणार होता आणि व्याज त्या बदललेल्या आकड्यावर मिळणार होतं.

मग त्यांनी बातमी दुसऱ्यांदा वाचली आणि चष्मा काढून ठेवला. रोखे घाऊक किंमत निर्देशांकाशी जोडलेले होते.

"मी काय दाल बाजारातून क्विंटलनं तूरडाळ आणतो?"

ज्यांनी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला दाल बाजार पाहिला आहे, त्यांना हा प्रश्न लगेच कळेल. पोत्याचा भाव एक, आणि आमच्या गल्लीतला दुकानदार किलोमागे घेतो तो भाव वेगळा. शिवाय घाऊक निर्देशांकात फक्त वस्तू असतात. डॉक्टरची फी, घरभाडं, नातवाच्या शाळेची फी, स्वयंपाकाच्या बाईंचा पगार यांतलं काहीच त्यात येत नाही. कारखान्यातून निघणारा माल आणि इंधन यांचंच वजन त्यात जास्त. नानांनी पैसे घातले नाहीत. त्यांच्या ऑफिसातल्या एका मित्रांनी, आमच्या काकांनी, एक लाख घातले. ते पुढे येतीलच.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात रिझर्व्ह बँकेनं सामान्य बचतदारांसाठी दुसरी योजना आणली. ही ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडलेली होती, म्हणजे किरकोळ भावांशी. मुदत दहा वर्षं, दर वर्षाला दीड टक्का अधिक महागाई, आणि सगळं व्याज मुद्दलात जमा होत जाऊन शेवटी एकदम हातात. कमीत कमी पाच हजार, पुढे पाचाच्या पटीत. वर्षअखेरची शेवटची तारीख वाढवून ३१ मार्च केली होती. नाना फेब्रुवारीत गेले.

बाड्याजवळच्या सरकारी बँकेत काउंटरवरच्या मुलानं नाव ऐकलं आणि मागे वळून कोणाला तरी विचारलं. मागच्यानं आणखी मागे विचारलं. मग तो म्हणाला, "बाबूजी, दीड परसेंट में क्या रखा है? सीनियर सिटीजन एफडी नौ के ऊपर दे रही है।" यात त्याची काही चूक नव्हती, एफडीचे दर खरंच नऊच्या आसपास होते. पण दीड टक्का म्हणजे एकूण व्याज नाही, महागाई भरून निघाल्यावर वर उरणारा तो दीड टक्का, हे त्याला माहीत नव्हतं. नानांनी त्याच्या पेननं त्याच्याच पावतीच्या मागे लिहून दाखवलं. त्यानं ते वाचलं आणि मग विमा पॉलिसीचं एक माहितीपत्रक काढलं. ते आम्ही नम्रपणे परत केलं.

तिसऱ्या खेपेला फॉर्म मिळाला. पॅनकार्ड, पत्त्याचा पुरावा, नॉमिनी, पैसे जमा करायच्या खात्याचा नंबर आणि शाखेचा कोड. कागदी रोखा मिळत नव्हता. रिझर्व्ह बँकेच्या खातेवहीत नाव लागायचं आणि आपल्याला धारणेचं प्रमाणपत्र मिळायचं. दोन लाखांचे चाळीस रोखे, असं त्यावर छापलेलं होतं. नानांनी त्याच्या दोन झेरॉक्स काढल्या आणि वही सुरू केली.

वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी मला समजावं म्हणून सोपे आकडे धरून एक हिशेब मांडला होता, तो अजून तसाच आहे. समजा, सहा महिन्यांत निर्देशांक १४० वरून १४४.२ झाला. म्हणजे महागाई तीन टक्के. दीड टक्क्याचा अर्धा पाऊण. बेरीज पावणेचार टक्के. दोन लाखांवर साडेसात हजार, म्हणून मुद्दल २,०७,५००. पुढच्या सहामाहीत महागाई एक टक्का झाली, तर पावणेदोन टक्के, पण ते २,०७,५०० वर, म्हणजे ३,६३१. आणि भाव उतरले, निर्देशांकच खाली आला तर? तरी पाऊण टक्का मिळणारच. या योजनेत दीड टक्का ही तळाची पायरी होती. त्याखाली 'वजा जमा होत नाही' असं नानांच्या अक्षरात लिहिलं आहे आणि खाली दोन रेघा मारल्या आहेत.

आता पहिला धक्का. पैसे घातले तेव्हा वर्तमानपत्रात महागाईच्या बातम्या अजून ताज्या होत्या. नोव्हेंबर २०१३ ची किरकोळ महागाई अकरा टक्क्यांच्या वर गेली होती. कांद्यानं घराघरांत रडवलं होतं. आम्ही गृहीत धरलं होतं की पहिल्या सहामाहीतच सणसणीत आकडा येणार. ऑगस्टमध्ये हिशेब मांडला तर वाढ जेमतेम होती.

मी म्हटलं, "नाना, अकरा टक्के कुठे गेले?"

त्यांनी दोन दिवस डोकं घातलं आणि उत्तर शोधून काढलं. निर्देशांक त्याच महिन्याचा धरत नाहीत, कारण तो आकडा प्रसिद्ध व्हायला वेळ लागतो. या योजनेत तीन महिने मागचा निर्देशांक लागत होता. फेब्रुवारीच्या खरेदीला नोव्हेंबरचा, ऑगस्टच्या हिशेबाला मे महिन्याचा. म्हणजे आमची मोजपट्टी नोव्हेंबरला, कांदा ऐन शिखरावर असतानाच सुरू झाली. त्यानंतर हिवाळ्यात भाज्या उतरल्या, उन्हाळ्यात परत चढल्या, आणि मे महिन्यात निर्देशांक जवळजवळ जिथल्या तिथे आला होता. बातमीतले अकरा टक्के हे मागच्या नोव्हेंबरपासून या नोव्हेंबरपर्यंतचे, आम्ही रोखे घेण्याआधीचे. ते आमचे नव्हतेच. रोखा भरपाई देतो ती घेतल्यानंतरच्या महागाईची. झालेल्या महागाईची बातमी वाचून घाईनं आत शिरणाऱ्याला तीच महागाई परत मिळत नाही. नानांनी या पानाच्या वर 'कांदा' असं शीर्षक दिलं आहे.

दुसरा धक्का २०१५ च्या फेब्रुवारीत बसला. तोवर वहीत निर्देशांकाचे आकडे एकशे चाळीसच्या वर गेले होते. त्या महिन्यात मी छापून आणलेल्या कागदावर ११९ च्या आसपासचा आकडा होता. नानांना वाटलं, मी चुकीचा कागद आणला. मग वाटलं, रोखा बुडाला. प्रत्यक्षात सरकारनं निर्देशांकाचं पायाभूत वर्ष बदललं होतं. २०१० ऐवजी २०१२ ला शंभर धरून नवी मोजणी सुरू झाली होती. भाव पडले नव्हते, शंभर कुठे लिहायचे ती जागा सरकली होती. अशा वेळी जुन्या आणि नव्या मालिकेला जोडणारा एक गुणक दिला जातो. नव्या आकड्याला त्यानं गुणलं की तो जुन्या मापात येतो. मुद्दल ठरतं ते दोन आकड्यांच्या भागाकारावरून, त्यामुळे दोन्ही आकडे एकाच मापातले असले की पुरे. नव्या मापातल्या आकड्याला जुन्या मापातल्या आकड्यानं भागलं तर मात्र वहीत मुद्दल पाचव्या हिश्श्यानं आटल्यासारखं दिसतं. नानांना एजी ऑफिसात खात्यांचे कोड बदलले तेव्हाची गोष्ट आठवली आणि ते शांत झाले.

याच सुमारास काका एका संध्याकाळी आले. त्यांच्या एक लाखाच्या घाऊकवाल्या रोख्याचं मुद्दल खाली चाललं होतं. जागतिक बाजारात कच्चं तेल आणि धातू कोसळले होते आणि घाऊक महागाईचा वार्षिक दर २०१४ च्या नोव्हेंबरपासून शून्याच्या खाली गेला, तो २०१६ च्या मार्चपर्यंत तिथेच राहिला. काकांच्या रोख्याला चार महिने मागचा निर्देशांक लागत होता, त्यामुळे घसरण त्यांच्यापर्यंत जरा उशिरा पोचली, पण पोचली. आधी साधारण एक लाख नऊ हजारांपर्यंत चढलेलं मुद्दल एक लाख दोन-अडीच हजारांवर आलं. व्याजही त्या घटलेल्या मुद्दलावर. आणि त्याच काळात किरकोळ महागाई पाच टक्क्यांच्या आसपास होती. तूरडाळीनं तर कहर केला होता.

"बाजारात डाळ महाग आणि माझं मुद्दल म्हणतं स्वस्ताई आली," काका म्हणाले.

नानांनी त्यांना चहा दिला. मी आधीच सांगितलं होतं, असं काही ते म्हणाले नाहीत, पण चेहरा तसाच होता. काकांच्या रोख्यात अंतिम मुदतीला मूळ रकमेपेक्षा कमी मिळणार नाही अशी हमी होती. मात्र ती हमी शेवटच्या दिवसापुरती होती. मधल्या वर्षांत मुद्दल खालीवर होणारच. २०१७ मध्ये घाऊक निर्देशांकाचंही पायाभूत वर्ष बदललं. तेव्हा जोडगुणक १.५६१ होता आणि तो काकांना नानांनीच समजावला. २०२३ च्या जूनमध्ये काकांचा रोखा पुरा झाला तेव्हा लाखाचे सुमारे एक लाख अडतीस हजार झाले होते. त्याच दहा वर्षांत किरकोळ भाव सत्तर टक्क्यांच्या आसपास वाढले होते. दोघांचीही सरकारी हमी, दोघांचंही मुद्दल महागाईशी जोडलेलं. फरक एवढाच की कोणाच्या महागाईशी.

मध्ये एकदा रोखा मोडायची वेळ आली होती. नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. पासष्टच्या वरच्यांना एका वर्षानंतर मोडता येत होता, इतरांना तीन वर्षांनी. दंड म्हणजे शेवटच्या सहामाहीच्या व्याजाचा अर्धा भाग. तो फार नव्हता, पण नाना म्हणाले, दुसरी एफडी मोड. ही योजना दरमहा घर चालवणाऱ्याची नाही हे तेव्हा नीट लक्षात आलं. कागदावर पैसा वाढत असतो, पण औषधाच्या दुकानात तो कागद चालत नाही.

फेब्रुवारी २०२४. मुदत पुरी झाली आणि खात्यात काहीच आलं नाही. दोन दिवस गेले, आठवडा गेला. ज्या बँकेतून रोखे घेतले होते ती मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती आणि शाखेचा कोड बदलला होता. पासबुक नवं झालं, चेकबुक नवं झालं, पण रोख्याच्या नोंदीत जुनाच कोड राहिला होता. पैसे पाठवले गेले आणि परत फिरले. शाखेत कोणालाही ही योजना आठवत नव्हती. जे होते ते बदलून गेले होते किंवा निवृत्त झाले होते. मी धारणेचं प्रमाणपत्र, नवीन खात्याचा रद्द केलेला चेक आणि नानांच्या सहीचा अर्ज दिला. सही दहा वर्षांत थरथरीत झाली होती, म्हणून ती पुन्हा पडताळून घ्यावी लागली. तीन आठवड्यांनी रक्कम जमा झाली. नानांच्या त्या झेरॉक्सनी वाचवलं. ज्यांच्याकडे असले जुने रोखे असतील, त्यांनी मुदतीच्या दोन-तीन महिने आधी खात्याचे तपशील बदलून घ्यावेत, एवढं मी इथे सांगून ठेवते.

रक्कम होती सुमारे तीन लाख बहात्तर हजार. नानांच्या वहीतल्या आकड्यात आणि या आकड्यात काही रुपयांचाच फरक पडला. तो कुठे पडला हे शोधण्यात त्यांचे चार दिवस गेले. एका सहामाहीत त्यांनी दशांशाच्या दोनच जागा धरल्या होत्या.

मग त्यांनी वहीचं शेवटचं पान काढलं. त्यावर तीन ओळी मांडल्या.

पहिली ओळ: नोव्हेंबर २०१३ ते नोव्हेंबर २०२३ या काळात ग्राहक निर्देशांक सुमारे साठ टक्क्यांनी वाढला. म्हणजे २०१४ च्या दोन लाखांत जे येत होतं, त्याला आता तीन लाख वीस हजार लागतात. हातात आले तीन बहात्तर. वरचे बावन्न हजार हे त्या दीड टक्क्याचे.

दुसरी ओळ: तेच दोन लाख त्या काउंटरवरच्या मुलाचं ऐकून नऊ टक्क्यांच्या दहा वर्षांच्या एफडीत घातले असते तर तिमाही चक्रवाढीनं चार लाख सत्त्याऐंशी हजार झाले असते. लाखाहून अधिक फरक. महागाई दहा वर्षं सरासरी पावणेआठ टक्के राहिली असती तरच दोन्ही बरोबरीला आले असते. ती प्रत्यक्षात पाचच्या जवळ राहिली. मी ही ओळ वाचून काही बोलले नाही. नानांनीच सांगितलं, "त्या मुलाला भेटलं पाहिजे. तो बरोबर होता." मग थोड्या वेळानं, "पण त्यालाही महागाई उतरणार हे ठाऊक नव्हतं. तो फक्त आकडा मोठा म्हणून सांगत होता."

तिसरी ओळ कराची. सरकार महागाईच्या भरपाईला उत्पन्नच समजतं. एक लाख बहात्तर हजारांच्या वाढीतले एक लाख वीस हजार म्हणजे रुपयाची झीज भरून काढणं. त्यात कमाई काहीच नाही. तरी कर सगळ्यावर. वीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला उपकरासकट साधारण छत्तीस हजार गेले, तरी हातात तीन छत्तीस उरतात. तीन वीसच्या वर आहेत, म्हणजे क्रयशक्ती टिकली. तीस टक्केवाल्याला मात्र सुमारे चोपन्न हजार जातात आणि उरतात तीन लाख अठरा हजार. म्हणजे तो दहा वर्षं महागाईपासून संरक्षण घेऊन किंचित गरीब होऊन बाहेर पडतो. नाना दरवर्षी त्या त्या वर्षी जमा झालेलं व्याज विवरणात दाखवत आले होते, म्हणून सगळा बोजा एका वर्षात पडून टप्पा वर सरकला नाही. या बाबतीत एजी ऑफिसची सवय कामी आली.

पण मला सगळ्यात जास्त खटकली ती गोष्ट या तीन ओळींत नव्हती, ती वहीच्या मधल्या पानांत होती. नाना घरखर्चही लिहीत. २०१४ मध्ये घरचा सर्वांत मोठा खर्च वाणसामान आणि भाजीचा होता. २०२४ मध्ये खर्चाचा जवळजवळ तिसरा हिस्सा औषधं, तपासण्या आणि रात्रीच्या मदतनिसाचा होता. ग्राहक निर्देशांकात तेव्हा अन्नपदार्थ आणि पेयांचं वजन सुमारे शेहेचाळीस टक्के होतं, आरोग्याचं सहाच्याही आत. देशातल्या सरासरी घराची टोपली ती. सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाची टोपली वेगळी असते. रोख्यानं पहिल्या टोपलीचं संरक्षण केलं आणि ते चोख केलं.

शाखेतल्या नव्या बाईंनी पैसे जमा झाल्यावर बदलत्या दराचे सरकारी रोखे सुचवले. त्या वेळी ८.०५ टक्के होते. नानांनी विचारलं, दर कशाशी जोडलाय? राष्ट्रीय बचत पत्राच्या दराशी, त्याहून ०.३५ टक्का जास्त, असं त्यांनी सांगितलं. "म्हणजे दर हलणार, मुद्दल नाही," नाना म्हणाले. "आणि तो मुद्दलाला डीए देणारा परत काढलाय का?" बाईंनी स्क्रीनवर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी नकारार्थी मान हलवली.

नानांनी एक लाख बदलत्या दरात घातले, उरलेले एफडीत आणि बचत खात्यात ठेवले. दुकानातून नवी लाल वही आणायला मला सांगितलं. दहा वर्षांपूर्वी ती वीस रुपयांना मिळाली होती. मी पंचेचाळीस दिले आणि घरी येऊन सांगितलं तेव्हा त्यांनी आधी जुन्या वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला.